बारा अंकांचे देणे : वर्गणीदार नावाच्या धनकोचा इतिहास

१.
जुन्या मराठी मासिकांचे बांधीव खंड ग्रंथालयात चाळताना एक गोष्ट वारंवार जाणवते. लेख असतात, कविता असतात, संपादकीय असते. पण मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ बहुधा नसते. बांधणी करणाऱ्याने ते निरुपयोगी समजून काढून टाकलेले असते. नेमक्या त्याच पानांवर वर्गणीदारांसाठीच्या सूचना छापलेल्या असत. वर्गणी आगाऊ पाठवावी, अंक न मिळाल्यास अमुक तारखेच्या आत कळवावे, पत्ता बदलल्यास जुना पत्ता व वर्गणीदार क्रमांक लिहावा. आजचा धागा या तीन रुक्ष वाक्यांच्या इतिहासाविषयी आहे.

२.
ही वाक्ये रुक्ष असली तरी त्यांच्या तळाशी एक आर्थिक नाते आहे. दुकानात अंक विकत घेणारा गिऱ्हाईक असतो. पैसे दिले, अंक घेतला, व्यवहार संपला. वर्गणीदाराचे तसे नाही. तो वर्षाचे पैसे आज देतो आणि अंक पुढे वर्षभर येत राहतात. पहिला अंक हाती पडला त्या दिवशी अकरा अंकांचे देणे मासिकाच्या डोक्यावर असते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर वर्गणीदार हा मासिकाचा धनको आणि मासिक त्याचे ऋणको. पुढचा सारा इतिहास या देण्याची परतफेड कशी झाली, कुठे अडली आणि ते कोणी बुडवले, याचा आहे.

३.
पहिला प्रश्न असा की हे देणे मोजायचे कशात? महिन्यांत की अंकांत? वरवर पाहता मासिकाच्या बाबतीत दोन्ही एकच. प्रत्यक्षात नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ जानेवारी १८७४ मध्ये सुरू झाली आणि १८८१ मध्ये थांबली. तिचे एकूण अंक ८४. दरमहा एक या हिशेबाने ते बरोबर सात वर्षांचे होतात आणि डिसेंबर १८८० मध्ये संपायला हवेत. पण मालेला आठवे वर्ष लागले. मासिकाचे वर्ष पंचांगाच्या वर्षाबरोबर चालतेच असे नाही, हे दाखवायला एवढा हिशेब पुरे.

४.
अंक उशिरा निघाला तर वर्गणीदाराचे नुकसान होते का? वर्गणी बारा महिन्यांची मानली तर होते; बारा अंकांची मानली तर होत नाही, फक्त वाट पाहावी लागते. म्हणून जाणते व्यवस्थापक वहीत वर्गणीची मुदत तारखेने लिहीत नसत, तर कितव्या अंकापासून कितव्या अंकापर्यंत अशी लिहीत. मुखपृष्ठावर ‘वर्ष अमुक, अंक तमुक’ असे छापण्याचा हाही एक उपयोग आहे. संशोधकाला तो संदर्भ म्हणून ठाऊक असतो. व्यवस्थापकाच्या दृष्टीने तो देण्याचा हप्ता क्रमांक असे.

५.
मराठीत या मोजणीला एक खास गुंतागुंत आहे आणि ती दिवाळीने आणली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि ती प्रथा मराठी नियतकालिकांत रुजली. दिवाळी अंक जाडजूड, खर्चिक आणि वेळखाऊ. तो काढून झाल्यावर लगेच पुढच्या महिन्याचा अंक काढणे छोट्या कचेरीला जड जाते. म्हणून ‘ऑक्टोबर-नोव्हेंबर’ असा जोड अंक निघू लागला. आता हा अंक एक मोजायचा की दोन?

६.
एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत नेऊ. समजा, साताऱ्याच्या एका शिक्षिकेने पुण्याच्या एका मासिकाची बारा अंकांची वर्गणी एप्रिलपासून भरली. एप्रिल ते सप्टेंबर सहा अंक आले. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरचा दिवाळी जोड अंक आला. पुढे डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च. हाती पडलेल्या प्रती अकरा. जोड अंक दोन मोजला तर वर्गणी मार्चमध्ये संपली. एक मोजला तर पुढच्या एप्रिलचा अंक अजून येणे आहे.

७.
व्यवस्थापक म्हणेल, दिवाळी अंकाची पाने तिप्पट, किंमत वेगळी. तो दोन काय, तीन अंकांच्या तोडीचा आहे. शिक्षिका म्हणेल, मी पाने मोजून वर्गणी भरली नव्हती, अंक मोजून भरली होती. दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणून वर्गणी घेतानाच ‘दिवाळी अंकासह’ आणि ‘जोड अंक दोन धरले जातील’ असे स्पष्ट लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग. हे वाक्य आधी छापले तर ती अट असते. वर्ष संपल्यावर सांगितले तर ती सबब होते.

८.
आता हे देणे पोहोचवणाऱ्याकडे, म्हणजे टपाल खात्याकडे, वळू. १८५४ मध्ये हिंदुस्थानात अंतर न पाहता वजनावर आकारणी करणारे टपाल सुरू झाले आणि पुण्यामुंबईचा अंक दूरच्या गावी परवडणाऱ्या दरात जाऊ लागला. पण नियतकालिकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे १८९८ चा टपाल कायदा. त्याच्या नवव्या कलमात वृत्तपत्र म्हणून टपालाची सवलत कोणाला मिळेल, याच्या दोन अटी होत्या. प्रकाशन जास्तीत जास्त ३१ दिवसांच्या अंतराने निघाले पाहिजे आणि त्याच्याकडे खऱ्याखुऱ्या वर्गणीदारांची यादी असली पाहिजे.

९.
पहिल्या अटीमुळे मासिक सवलतीच्या आत आले आणि द्वैमासिक, त्रैमासिक बाहेर राहिले. जोड अंक काढणाऱ्यालाही ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागे. दुसरी अट अधिक बोलकी आहे. सरकार फुकट वाटायच्या जाहिरातपत्रकांना स्वस्त टपाल देणार नव्हते. ज्याची कोणीतरी पैसे देऊन वाट पाहत आहे, अशा छापील मजकुरालाच ते मिळणार होते. ही वाट पाहणारी माणसे आहेत याचा पुरावा म्हणजे वर्गणीदारांची यादी. कचेरीतल्या त्या साध्या वहीवर मासिकाचा टपालदर अवलंबून होता.

१०.
ही सवलत किती मोठी होती, हे अलीकडच्या दरांवरून कळते. या शतकाच्या आरंभी साध्या पत्राला वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपये पडू लागले, तेव्हा नोंदणीकृत वृत्तपत्राची पन्नास ग्रॅमपर्यंतची एक प्रत पंचवीस पैशांत जात होती. त्याच कलमात पुरवणीविषयीही नियम होता. पुरवणी अंकाबरोबर स्वस्तात पाठवायची तर तिच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर प्रकाशनाचे नाव आणि तारीख छापलेली हवी. पुरवण्यांच्या दर पानावरची ती ओळ सजावट म्हणून आलेली नाही.

११.
स्वस्त टपालाची किंमत मात्र वर्गणीदाराने मोजली. सवलतीचे अंक ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या टपाल कचेरीत गठ्ठ्याने जमा होतात. प्रत्येक प्रतीची वेगळी पावती नसते. वाटेत तिची नोंद होत नाही. दारात सही घेतली जात नाही. वरून १८९८ च्याच कायद्याच्या सहाव्या कलमाने सांगून ठेवले होते की टपालातली वस्तू हरवली, चुकीच्या हाती गेली, उशिरा पोहोचली किंवा खराब झाली, तर स्पष्टपणे हमी घेतल्याखेरीज सरकार जबाबदार नाही. म्हणजे अंक गहाळ झाला तर पाठवल्याचा पुरावा मासिकाकडे नाही, न मिळाल्याचा पुरावा वर्गणीदाराकडे नाही आणि मधला उत्तरदायी नाही.

१२.
अशा स्थितीत जो नियम तयार झाला तो कायद्याने नव्हे, रिवाजाने. अंक मिळाला नाही असे वर्गणीदाराने वेळेत कळवले, तर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून दुसरी प्रत पाठवायची; उशिरा कळवले तर नाही. ‘वेळेत’ म्हणजे साधारण पुढचा अंक निघेपर्यंत. ही मुदत लहरीने ठरलेली नव्हती. छापताना वर्गणीदारांच्या संख्येहून थोड्या प्रती जास्त काढल्या जात. त्यांतूनच किरकोळ विक्री, नवे वर्गणीदार आणि तक्रारी भागवायच्या. महिना उलटला की शिल्लक प्रती संपत आणि मग दुसरी प्रत देण्याची इच्छा असूनही अंकच नसे.

१३.
प्रत उरली नाही की व्यवस्थापक दुसरा तोडगा सुचवी : आपली मुदत एका अंकाने वाढवतो. हिशेबाने हे चोख आहे. बारा म्हणजे बारा. पण अंक हे नाण्यांसारखे एकमेकांच्या बदली चालणारे नसतात. क्रमशः कादंबरीचे सातवे प्रकरण हुकलेल्या वाचकाला पुढच्या वर्षीचा एप्रिल अंक देऊन काय साधणार? ग्रंथालयाचे तर आणखी कठीण. त्याला खंड बांधायचा असतो आणि एका अंकाने खंड अपुरा राहतो.

१४.
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला थबकावे लागते. जुन्या खंडात एखादा अंक नसला की आपण पटकन तर्क करतो : अंक निघाला नसावा, जप्त झाला असावा, कोणी फाडून नेला असावा. पण बहुतेक ग्रंथालये स्वतःच वर्गणीदार होती. एखाद्या पावसाळ्यात गठ्ठा भिजला, ग्रंथपाल रजेवर होते, तक्रार वेळेत गेली नाही, शिल्लक प्रती संपल्या. इतकेही कारण पुरते. ते ताडून पाहण्याची रीत सोपी आहे. पुढच्या अंकाचा क्रमांक एक आकडा सोडून असेल आणि त्यात मागील अंकातल्या मजकुराचा उल्लेख असेल, तर अंक निघाला होता, पोहोचला नव्हता. दुसऱ्या गावच्या ग्रंथालयात तो सापडण्याची आशा धरावी.

१५.
तक्रारी कुठून येतात यावरून दोष कुठे आहे, हेही व्यवस्थापकाला ओळखता येई. एकाच गावचे सगळे वर्गणीदार लिहू लागले, तर त्या गावचा गठ्ठा वाटेत अडकला आहे, आठवडाभर थांबावे. एकाच गावातून एकाचीच तक्रार आली, तर पत्ता तपासावा. तोच माणूस दर दोन महिन्यांनी लिहीत असेल, तर पत्ता बरोबर असूनही अंक मधेच कोणी वाचायला घेत आहे. वाड्याच्या किंवा चाळीच्या सामाईक दारात ठेवलेल्या अंकाचे असे होई. आणि विखुरलेल्या गावांतून एकदम तक्रारी आल्या, तर टपालाला नावे न ठेवता आपल्याच कचेरीत पाहावे : यादीचे एखादे पान चिकटवायचे राहून गेले आहे.

१६.
आता आपल्या शिक्षिकेकडे परत येऊ. २८ जूनला त्यांची साताऱ्याहून नागपूरला बदली झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मासिकाला कार्ड टाकले. ते २ जुलैला पुण्यात पोहोचले. अंक ५ जुलैला टपालात पडणार, म्हणजे तीन दिवस हाताशी होते. तरीही जुलैचा अंक साताऱ्यालाच गेला. त्यांना वाटले, कचेरीचा निष्काळजीपणा. खरे कारण वेगळे होते. पत्त्यांच्या चिठ्ठ्या २० जूनलाच तयार होऊन, गावांनुसार लावून, वेष्टणांवर चिकटवायला गेल्या होत्या. ‘पत्ताबदल एक महिना आधी कळवावा’ या सूचनेमागे हे दहा-पंधरा दिवस आहेत.

१७.
आणि जुना पत्ता कशासाठी हवा? नवा दिला म्हणजे पुरे, असे कोणालाही वाटेल. पण यादी माणसांच्या आडनावांनी लावलेली नसते; टपालाच्या सोयीने, गावांनुसार लावलेली असते. १५ ऑगस्ट १९७२ पासून श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतला सहा अंकी पिनकोड आला, तेव्हापासून ती क्रमांकाने लावता येऊ लागली. पहिले तीन आकडे वर्गवारीच्या जिल्ह्यापर्यंत नेतात आणि शेवटचे तीन वाटपाच्या टपाल कचेरीपर्यंत. पण कोणत्याही रीतीने लावली तरी जुनी चिठ्ठी काढायची तर ती कुठे आहे, ते माहीत हवे. केवळ नवा पत्ता आला, तर कारकून नागपूरच्या कप्प्यात नवी चिठ्ठी घालतो आणि साताऱ्याची तशीच राहते. मग दोन अंक दोन गावांना जातात आणि वर्षअखेर ‘आपल्याला चोवीस प्रती गेल्या’ असा अजब वाद उभा राहतो.

१८.
शिक्षिकेने आणखी एक काम केले असते तर जुलैचा अंकही वाचला असता. साताऱ्याच्या टपाल कचेरीत पुनर्निर्देशनाचा सहीचा अर्ज देता येतो. त्यावरून जुन्या पत्त्यावर आलेले टपाल काही काळ नव्या पत्त्यावर पाठवले जाते. मासिकाची यादी बदलेपर्यंतची फट भरायला ही सोय असते, कायमची व्यवस्था म्हणून नव्हे. अनेकांनी तिला कायमची समजले आणि मुदत संपताच ‘इतके महिने येत होता, आता का थांबला’ अशी तक्रार केली. कचेरीच्या वहीत त्यांचा पत्ता कधी बदललेलाच नव्हता.

१९.
वर्ष संपले की देणे फिटते. पुढच्या वर्षाची वर्गणी आणायची कशी? १८७७ मध्ये टपाल खात्याने सुरू केलेली व्ही.पी. पद्धत इथे कामी आली. नव्या वर्षाचा पहिला अंक वर्गणीच्या रकमेची व्ही.पी. करून पाठवायचा, पोस्टमनने दारात रक्कम घेऊन अंक द्यायचा आणि ती मनीऑर्डरने मासिकाकडे यायची. सोय मोठी, पण धोका उलटा झाला. इतके दिवस वर्गणीदार आगाऊ पैसे देऊन जोखीम घेत होता. आता मासिक आगाऊ खर्च करून जोखीम घेऊ लागले. कोणी व्ही.पी. परत केली की खर्च मासिकाच्या अंगावर आणि अंक मळून परत.

२०.
कायद्याची एक अटही होती. व्ही.पी. मागणी आल्यावरूनच पाठवली जात आहे, असे पाठवणाऱ्याकडून लिहून घेण्याची तरतूद १८९८ च्या कायद्यात होती. ज्याने मागितलेच नाही त्याच्या दारात पैसे मागायला पोस्टमन पाठवू नये, हा हेतू. म्हणून मासिके आधीच्या अंकात छापत की नको असल्यास कळवावे, न कळवल्यास संमती आहे असे समजू. मौन म्हणजे होकार, हे आजच्या आपोआप नूतनीकरणाचे तत्त्व मराठी वाचकाला व्ही.पी.च्या काळापासून परिचित आहे. फरक इतकाच की तेव्हा नकार द्यायला दार लावून घेणे पुरत असे.

२१.
आतापर्यंतचे सगळे अडथळे एखाददुसऱ्या अंकाचे होते. ऋणकोच कोसळला तर काय होते, हे पाहण्यासाठी अमेरिकेत जावे लागेल, कारण त्याचे सर्वांत मोठे उदाहरण तिथे घडले. ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ हे फिलाडेल्फियाच्या कर्टिस कंपनीचे विख्यात नियतकालिक. १९६८ मध्ये त्याचा खप सुमारे ६८ लाख होता आणि तरीही ते तोट्यात होते. वर्गणी खर्चाहून कमी ठेवायची आणि तूट जाहिरातींतून भरायची, हा त्यांचा व्यवहार. जाहिरातदार दूरदर्शनकडे वळले, तेव्हा प्रत्येक वर्गणीदार हा मिळकतीऐवजी खर्चाचा आकडा झाला.

२२.
नवे अध्यक्ष मार्टिन ॲकरमन यांनी उपाय काढला : वर्गणीदार कमी करायचे. खप सुमारे ३० लाखांवर आणायचे ठरले. कोणाला ठेवायचे आणि कोणाला वगळायचे, हे ठरले पत्त्यावरून. जाहिरातदारांना हव्या असलेल्या दाट, सधन शहरी भागांतले वर्गणीदार राहिले. ग्रामीण आणि लहान गावांतले गेले. पैसे सर्वांनी सारखेच भरले होते. पत्त्याची जी यादी अंक पोहोचवण्यासाठी केली होती, तीच अंक थांबवण्यासाठी वापरली गेली. या विषयाच्या इतिहासातला मला हा सर्वांत अस्वस्थ करणारा क्षण वाटतो.

२३.
वगळलेल्यांचे उरलेले अंक हे देणेच होते. ते फेडायचे कसे? कर्टिसने ‘लाइफ’ या साप्ताहिकाच्या मालकांशी, टाइम कंपनीशी, करार केला आणि सुमारे पंधरा लाख वर्गणीदारांचे उरलेले देणे ‘लाइफ’ने उचलले. वाचकाने एक नियतकालिक निवडले होते. घरी दुसरेच येऊ लागले. इतके करूनही ‘पोस्ट’चा ८ फेब्रुवारी १९६९ चा अंक अखेरचा ठरला. ‘लाइफ’चा खप फुगून सुमारे ८५ लाख झाला, पण त्याबरोबर प्रत्येक अंकाचा कागद, छपाई आणि टपाल यांचा बोजाही वाढला. पुढे टपालदरही चढू लागले आणि २९ डिसेंबर १९७२ च्या अंकाने साप्ताहिक ‘लाइफ’ही थांबले. दुसऱ्याचे देणे उचलणे म्हणजे वाचक मिळवणे नव्हे, हा त्याचा अर्थ.

२४.
आता आपल्या काळाकडे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत छपाई आणि वाटप थांबले, तेव्हा अनेक नियतकालिकांनी अंक पीडीएफ स्वरूपात वाचकांना पाठवले. त्या वेळी सातव्या मुद्द्यातला प्रश्न नव्या रूपात उभा राहिला : हा अंक बारांतला एक धरायचा का? मजकूर तोच, क्रमांकही पुढचा. पण छापील अंकाचे पैसे भरणाऱ्याच्या हाती कागद आलेला नाही. ज्यांनी मुदत वाढवून दिली, त्यांनी छापील प्रतीला देणे मानले. ज्यांनी नाही दिली, त्यांनी मजकुराला.

२५.
छापील वर्गणीबरोबर डिजिटल प्रवेश जोडून देण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. तिच्यातला पेच आपल्या शिक्षिकेच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. जोड अंक एक धरणाऱ्या मासिकात त्यांचा छापील बारावा अंक पुढच्या एप्रिलचा. पण संकेतस्थळ अंक मोजत नाही, दिवस मोजते. तिथला प्रवेश ३१ मार्चलाच बंद. एकाच वर्गणीची दोन घड्याळे आणि ती वेगवेगळी चालतात. तसेच पत्त्याचे. घरी आलेला अंक घरातले पाचजण वाचत. डिजिटल प्रवेश मात्र एका ई-मेलशी बांधलेला. तो ई-मेल शाळेने दिलेला असेल आणि बदलीबरोबर बंद झाला असेल, तर नागपूरचा नवा पत्ता कळवूनही डिजिटल अर्धा भाग साताऱ्यातच राहतो. छापील पत्ता आणि ई-मेल हे दोन स्वतंत्र पत्ते आहेत, दोन्ही वेगवेगळे कळवावे लागतात.

२६.
हरवलेल्या अंकाची तक्रारही आता निराळी झाली आहे. अंक आला नाही म्हटले की उत्तर येते, तोवर संकेतस्थळावर वाचा. वाचकासाठी हे खरोखर उपयुक्त आहे. सातवे प्रकरण हुकत नाही. पण ज्याला अंक जपायचा आहे त्याचे देणे फिटलेले नसते. कागदाचा अंक वर्गणी संपल्यावरही कपाटात राहतो. डिजिटल प्रवेश संपला की पैसे भरून वाचलेले जुने अंकही बंद होऊ शकतात, कारण तिथे आपण प्रती घेतलेल्या नसतात, पाहण्याची परवानगी घेतलेली असते. वर्गणी भरताना म्हणूनच एक प्रश्न विचारावा : मुदतीनंतर माझ्या काळातले अंक मला उघडता येतील का, ते उतरवून ठेवता येतील का?

२७.
मोठी ग्रंथालये हा प्रश्न करारातच विचारतात. वर्गणी थांबली तरी जेवढ्या वर्षांचे पैसे भरले तेवढ्या वर्षांचे अंक कायम उघडे राहावेत, असे कलम ती घालून घेतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयातून सुरू झालेली ‘लॉक्स’ ही व्यवस्था तर याच विचारावर उभी आहे : डिजिटल नियतकालिकाच्या अनेक प्रती अनेक ग्रंथालयांनी स्वतंत्रपणे साठवायच्या, म्हणजे एक नष्ट झाली तरी दुसरी राहील. थोडे थांबून पाहिले तर ही नवी युक्ती नाही. गावोगावच्या वर्गणीदारांच्या कपाटांनी नकळत हेच काम केले होते.

२८.
१८९८ च्या कायद्याची जागा आता २०२३ च्या टपाल कायद्याने घेतली आहे. तो १८ जून २०२४ पासून लागू झाला. नवा कायदा आटोपशीर आहे आणि बरेच तपशील नियमांवर सोपवतो. ठरवून दिलेल्या जबाबदारीपलीकडे टपाल खाते उत्तरदायी नाही, हे तत्त्व मात्र त्यातही कायम आहे. म्हणजे अंक हरवला तर आजही प्रश्न वाचक आणि मासिक या दोघांतच सुटायचा आहे, आणि तो सुटतो तो वेळेत लिहिलेल्या दोन ओळींनी.

२९.
संशोधन करताना आज जे अंक हाती येतात, त्यांतला प्रत्येक अंक कोणातरी वर्गणीदाराने मागून, न आल्यास पाठपुरावा करून, पत्ता बदलल्यास कळवून मिळवलेला आहे. संपादकाने तो लिहून घेतला. तो आपल्यापर्यंत पोहोचवला या धनकोने. आपल्या घरी जुन्या मासिकांचा गठ्ठा असेल तर बांधणीला देताना मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि शक्य असल्यास पत्त्याची चिठ्ठीही राहू द्यावी. अंक कोणाला, कुठे आणि कितव्या वर्षी येत होता, हे सांगणारी ती एवढीच नोंद असते. वर्गणीदारांच्या वह्या बहुधा रद्दीत जातात. चिठ्ठ्या मात्र अंकाला चिकटून असतात.

(धागा समाप्त)